दोन सख्खे भाऊ, दोन जाती : गोदाकाठच्या एका घरातील संस्कृतीकरणाची चार पिढ्यांची नोंद

नोव्हेंबर 2023 मध्ये जालना जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात निजामकाळातील शाळांच्या नोंदवह्या तपासल्या जात होत्या. सप्टेंबरमध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली, मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठी जुन्या नोंदी शोधणारी समिती नेमल्यापासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे काम चालू झाले होते, आणि उर्दू व मोडी वाचणारे जाणकार ठिकठिकाणी बोलावले गेले होते. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. ज्या कुटुंबाची हकिगत येथे मांडली आहे त्यातील चोवीस वर्षांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, आणि त्याच्या आग्रहावरून मी त्या दिवशी तेथे गेलो होतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव मी दिलेले नाही.

कडा कुरतडलेल्या एका प्रवेश-निर्गम वहीत, फसली 1345 म्हणजे 1935-36 सालच्या पानावर, मुलाच्या थोरल्या चुलत आजोबांचे नाव सापडले. घरात त्यांना तात्या म्हणत. निवृत्त उर्दू शिक्षकांनी बोट ठेवून जातीचा रकाना वाचला : कुणबी. त्याच शाळेच्या 1950 सालच्या मराठी वहीत तात्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे मुलाचे आजोबा, यांची नोंद होती, आणि तेथे जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. आजोबा बाकावर बसून ऐकत होते. त्यांचे वय तेव्हा ऐंशी होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “आमच्या बापाला कुणबी म्हणलं तर राग येत नव्हता. मला येत होता.”

एका आईबापाच्या दोन मुलांमध्ये, पंधरा वर्षांच्या अंतराने, जात बदलते कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 साली कूर्ग लोकांवरील आपल्या अभ्यासात या प्रक्रियेला संस्कृतीकरण हे नाव दिले. खालच्या मानल्या गेलेल्या जातीने किंवा गटाने वरच्या जातीचे आचार, विधी, आहार आणि विवाहाचे नियम उचलायचे, त्या बळावर वरच्या स्थानाचा दावा सांगायचा, आणि एक-दोन पिढ्यांनंतर तो दावा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मान्य करायचा, असा तिचा साधारण क्रम असतो. सुरुवातीला श्रीनिवासांच्या डोळ्यांसमोर शाकाहारी, मद्यवर्ज्य ब्राह्मणी आदर्श होता. पुढे, 1966 च्या आपल्या ग्रंथात, त्यांनी क्षत्रिय आणि वैश्य आदर्शही तितकेच खरे असल्याचे मान्य केले. मराठवाड्यातल्या कुणब्यासमोर जो आदर्श होता तो क्षत्रियाचा होता. म्हणूनच या घरात मटण कधी बंद झाले नाही आणि खंडोबाचे जागरणही थांबले नाही. बदलले ते लग्नाचे, विधवेचे आणि बायकांच्या कामाचे नियम.

या आदर्शाचे मूळ याच भूमीत आहे. भोसले घराणे वेरूळचे. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा विधी चालवणारे गागाभट्ट हे काशीत स्थायिक झालेल्या, पण मूळच्या पैठणच्या घराण्यातले. राज्याभिषेकाआधी महाराजांची मुंज करावी लागली आणि उदेपूरच्या सिसोदिया वंशाशी नाते सांगावे लागले. हाती राज्य असलेल्या पुरुषालाही क्षत्रियत्व विधीने सिद्ध करावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारून पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, तेव्हा तो दावा अजूनही वरून मान्य झालेला नाही हे उघड झाले. छत्रपतींच्या घराची ही स्थिती असताना गोदाकाठच्या शेतकऱ्याच्या दाव्याला किती वजन होते, याची कल्पना करता येते. त्यासाठी एक म्हणच होती : कुणबी माजला, मराठा झाला. ती वरून खाली बघत म्हटली जाई. पण तिच्यात एक अचूक निरीक्षण आहे. ‘माजला’ म्हणजे खाऊनपिऊन सुखी झाला, त्याच्या घरात धान्य आले. आधी धान्य आणि मग नाव, असा क्रम ती म्हण सांगते.

या घरातही तसेच घडले. पणजोबांकडे बावीस एकर काळी जमीन होती, आणि शेजारच्या गावातील एका जमीनदाराची बारा एकर ते कुळाने करत. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1950 साली हैदराबादचा कूळ कायदा आला, आणि पुढील काही वर्षांत ती बारा एकर जमीन घराच्या नावावर झाली. एकूण चौतीस एकर झाली. 1952 च्या निवडणुकीत गावाचे मत कोणाच्या ओट्यावर ठरते हे पुढाऱ्यांना कळले, आणि 1962 नंतर जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्यावर तर संख्येने मोठ्या आणि जमीन राखून असलेल्या जातीचे महत्त्व उघड झाले. श्रीनिवास ज्याला प्रभुत्वशाली जात म्हणतात ती याच काळात मराठवाड्याच्या खेड्यात आकाराला येत होती. त्या जातीत मोजले जायचे असेल तर कुणबी हा शब्द आखूड पडत होता. आडनावापुढे ‘पाटील’ लागले, आणि धाकट्या मुलाचे नाव शाळेत घालताना जात मराठा अशी सांगितली गेली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शाळेच्या वहीतील रकाना मास्तर भरत असत, आणि मराठवाड्यात कुणबी हा शब्द जातीइतकाच शेतकरी या धंद्याचाही होता. महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणबी, माळी आणि धनगर असे शेतकऱ्यांचे तीन भेद सांगतात, तेथेही धंदा आणि जात एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यामुळे एका शब्दाच्या बदलावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. संस्कृतीकरण झाले की फक्त मास्तर बदलला, हे ओळखायचे असेल तर शब्दाबरोबर रीतीही बदलल्या का, हे पाहावे लागते, आणि त्या घरच्या बायकांच्या आयुष्यात शोधाव्या लागतात.

पणजी या घरात पाटाने आलेली होती. तिचा पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला, आणि 1925 च्या सुमारास पणजोबांनी तिच्याशी पाट लावला. कुणब्यांत ही रीत सर्रास होती. पाट रात्री लागे, त्यात मंगलाष्टके नसत, सवाष्णी तेथून दूर राहत. मुलीच्या बापाला थोडेसे देज आणि तिला नवे लुगडे दिले की काम झाले. विधी कमी प्रतीचा मानला जाई, पण त्यातून झालेली मुले पूर्ण वारस असत, आणि बाईला पुन्हा घर मिळे. तात्यांचे स्वतःचे लग्न विलीनीकरणाच्या वर्षी झाले तेव्हाही मुलीच्या बापाला देज दिले गेले. म्हणजे पैसा नवऱ्याच्या घरून नवरीच्या घरी जात होता, कारण एका घरातले राबणारे दोन हात दुसऱ्या घरात जात होते.

तात्यांच्या आणि आजोबांच्या मधली एक बहीण होती, तिला घरात आक्का म्हणत. तिचे लग्न 1951 साली झाले आणि 1956 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती विधवा होऊन माहेरी परतली. तिला मूल नव्हते. दोन वर्षांत जवळच्या गावातील एका बिजवराकडून पाटाची विचारणा आली. घर तोवर मराठा झाले होते. धाकट्यासाठी पुढेमागे मोठ्या घरातून सोयरीक यावी अशी इच्छा होती, आणि ज्या घरात पाट लागतो त्या घरात ‘अस्सल’ लोक मुलगी देत नाहीत, हे तात्यांनी बापाला समजावले. पणजीने त्या वेळी विचारलेला प्रश्न घरात आजही सांगितला जातो : “मी पाटाचीच ना? मंग माझ्या लेकीनं काय पाप केलं?” तिला उत्तर कोणी दिले नाही. आक्का 2009 पर्यंत जगली. पन्नासहून अधिक वर्षे ती भावाच्या घरात राहिली, पांढरे पातळ नेसून, कोणत्याही लग्नात हळदीला पुढे न होता. मी तिला शेवटच्या वर्षांत पाहिले होते. परसात बसून ती तुरीच्या शेंगा सोलत असे आणि पाहुणा आला की उठून आत जात असे.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी किंमत ही आहे, आणि संस्कृतीकरणाच्या चर्चेत तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जात वर जाते असे आपण म्हणतो, तेव्हा त्या जातीतले पुरुष वर जात असतात. त्या चढणीची पायरी म्हणून बाईचा पुनर्विवाह बंद होतो, देजाचा हुंडा होतो, आणि तिचे शेतातले काम प्रतिष्ठेला बाधक ठरते. वरच्या आचारांचा मुख्य आधारच बाईवरचा ताबा असेल, तर ते आचार उचलणारा गट आपल्या बायकांना आधी जेवढी मोकळीक होती तेवढीही देऊ शकत नाही.

हुंड्याचे गणित वेगळे पाहावे लागते. आजोबांचे लग्न 1964 साली झाले आणि त्यात हुंडा मिळाला. घराला वाटले की आपण पोहोचलो. पण मुलगी ज्या घरातून आली ते घरही या घरासारखेच नुकते मराठा झालेले होते. शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या देशमुखांच्या घरांतून या घरात एकही मुलगी आली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. या घरची मुलगी मात्र 1988 साली तशा एका घरात गेली, आणि त्यासाठी तीन एकर जमीन विकावी लागली. जातीच्या उतरंडीत गटाचे खरे स्थान पाहायचे असेल तर लग्नात कोणती बाजू मुलगी देते आणि कोणती घेते, हे पाहावे. वरचे लोक पंगतीला बसतात, सत्कार घेतात, मते घेतात, हुंड्यासह मुलगीही घेतात. मुलगी देतात तेव्हाच दावा मान्य झाला असे म्हणता येते. या घराचा दावा गावाने मान्य केला, सोयरिकीने केला नाही. देवक कोणते, कूळ कोणते, हे विचारले की घरातली माणसे आजही थोडी घुटमळतात.

दरम्यान 1972 चा दुष्काळ आला. तोवर या घरच्या सुना दुसऱ्याच्या शेतात जात नसत आणि स्वतःच्या शेतातही डोक्यावरचा पदर खाली ओढूनच जात. दुष्काळात विहीर आटली, बैल विकले गेले, आणि त्याच सुना दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. आपल्या गावच्या कामावर ओळखीचे लोक असतील म्हणून त्या रोज पाच मैल चालून दुसऱ्या गावच्या कामावर जात. आजींच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर त्या खडीचा वण होता. एका पिढीत मिळवलेली प्रतिष्ठा टिकवायला दरवर्षी पीक लागते, आणि मराठवाड्यात दरवर्षी पीक येत नाही.

त्याच गावात दुसऱ्या एका वस्तीने आपले आचार याहून कितीतरी अधिक बदलले होते, आणि तिच्या वाट्याला काय आले ते पाहिल्याशिवाय या मार्गाची सीमा समजत नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे आणि गावाचे शिळे तुकडे घेणे सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यातल्या महारवाड्यांनीही ते अमलात आणले. वरवर पाहता हे संस्कृतीकरणाच्या व्याख्येत बसते : अशुद्ध मानलेला आहार सोडणे, हीन मानलेले काम सोडणे, स्वच्छ राहणे. श्रीनिवासांच्या क्रमाप्रमाणे एक-दोन पिढ्यांत स्थान वर जायला हवे होते. घडले ते उलटे. मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडले की गाव रागावे, बलुते बंद होई, शेतात मजुरी मिळेनाशी होई. कुणबी मराठा झाल्याने गावाचे कोणतेच काम अडले नव्हते, उलट त्याची मते आणि धान्य कामाला आले. महारांनी आचार बदलले तेव्हा गावाचे फुकटचे काम अडले.

शुद्धतेचा आणि स्थानाचा संबंध किती वरवरचा आहे हे 1934 साली दौलताबादच्या किल्ल्यावर दिसले. डॉ. आंबेडकरांनी तो प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. तेव्हा ते कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते, आणि सोबत तीसेक कार्यकर्ते होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींतील काहींनी किल्ल्याच्या दारातील हौदावर हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की ढेडांनी हौद बाटवला, आणि पाहता पाहता जमाव गोळा झाला. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि हत्यारबंद शिपाई सोबत घेऊनच त्यांना आत जाता आले. बाट मानणारे तेथे हिंदूही नव्हते, आणि ज्यांच्यावर बाटवल्याचा आरोप झाला त्यांच्या अंगावर अस्वच्छतेची खूणही नव्हती. पुढच्या वर्षी येवल्यात, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, धर्मांतराची घोषणा झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा. या समाजाने शिडी सोडून दिली, कारण अस्पृश्यतेच्या रेषेखाली तिच्या पायऱ्याच नव्हत्या.

श्रीनिवासांनी स्वतः हे मान्य केले होते की संस्कृतीकरणाने एखाद्या गटाची जागा बदलते, जागांची रचना बदलत नाही. आमच्या गावापुरते हे विधान मी थोडे पुढे नेतो. जागा बदलणाऱ्या गटाला रचना टिकवावी लागते, कारण खाली कोणी नसेल तर वर जाण्याला अर्थ उरत नाही. ज्या वर्षांत या घराने आक्काचा पाट नाकारला, त्याच वर्षांत महारवाड्याने ढोर ओढणे सोडले म्हणून गावाने टाकलेल्या बहिष्कारात हे घरही सामील होते. आजोबांनी ही गोष्ट मला न विचारता सांगितली.

आता मूळ प्रश्नाकडे परत यायला हवे. चौतीस एकरांचे दोन भावांत सतरा-सतरा झाले. आजोबांच्या सतरापैकी मुलीच्या लग्नात तीन गेले, दोन मुलांत सात-सात वाटले, आणि थोरल्या मुलाने 2011 साली आपल्या मुलीच्या लग्नात दोन विकले. माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पाच एकर कोरडवाहू जमीन, विज्ञानाची पदवी आणि स्पर्धा परीक्षेचे दोन अपयशी प्रयत्न आले. त्याच काळात विदर्भातील त्याच्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा कुणबी म्हणून इतर मागासवर्गाच्या यादीतून अर्ज भरतो, कारण तेथे कुणबी हे नाव सोडले गेले नाही. मराठा म्हणून राज्याने दिलेले स्वतंत्र आरक्षण 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. म्हणून 1950 साली मागे टाकलेला शब्द 2023 साली शोधावा लागला. प्रतिष्ठेच्या उतरंडीत जे नाव वर नेत होते तेच शासनाच्या यादीत बाहेर ठेवते, असा हा पेच आहे. 1952 च्या सिद्धांतात त्याला जागा नव्हती, कारण तेव्हा खालच्या स्थानाला राज्याकडून मिळणारे संरक्षण इतके मोठे झालेले नव्हते. या मागणीमुळे आपला वाटा कमी होईल अशी यादीतील इतर जातींची भीती आहे, आणि जमिनीचे व सत्तेचे जे वर्णन मी वर केले ते वाचून ती भीती निराधार आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

नाव परत घेतले जात असले तरी रीती परत येत नाहीत, हे मला या घरात स्पष्ट दिसले. मुलाच्या लग्नासाठी तयार केलेल्या परिचयपत्रात जात ‘शहाण्णव कुळी मराठा’ अशी छापली आहे, आणि त्याच आठवड्यात भरलेल्या तहसीलच्या अर्जात ती ‘कुणबी’ आहे. मी त्याला याबद्दल विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की परिचयपत्र सोयऱ्यांसाठी आहे आणि अर्ज सरकारसाठी. हुंडा घेणार का, यावर तो गप्प राहिला. घरात पाट पुन्हा सुरू करण्याची गोष्ट कोणी काढलेली नाही.

कुणबी प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणि त्या पुराव्यातील माणसाशी रक्ताचे नाते दाखवणारी वंशावळ लागते. पुरावा तात्यांचा होता, त्यामुळे पणजोबांपासून तात्या व आजोबा, आणि आजोबांपासून मुलापर्यंतची पुरुषांची साखळी प्रतिज्ञापत्रावर काढली गेली. लिहिणाऱ्याने कागद वाचून दाखवला तेव्हा आजोबांनी विचारले, “आक्काचं नाव कुठाय?” लेकींची नावे लागत नाहीत, शिवाय त्यांना वारस नाही, असे त्याने समजावले. आजोबा म्हणाले, “लागत नसलं तरी लिव्हा.” तात्या आणि आपण यांच्या मधल्या जागेत त्यांनी तिचे पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह, लिहवून घेतले आणि मगच खाली अंगठ्याशेजारी सही केली.